गाडी तीच, नंबर नवा, भाडं जास्त

आमच्या गावाकडे दिवा-सावंतवाडीला अजून कोणी एक्सप्रेस म्हणत नाही. माझी आत्या अजूनही तिकीट खिडकीवर जाऊन "पॅसेंजरचा एक द्या" असंच म्हणते, आतला माणूस काही न बोलता एक्सप्रेसचं तिकीट फाडून देतो, आणि आत्या पैसे मोजताना दरवेळी तेच म्हणते, पाटी बदलली म्हणान गाडी थोडीच बदलता! मला हे वाक्य फार आवडतं कारण रेल्वेच्या या सगळ्या एक्सप्रेस, सुपरफास्ट, पॅसेंजर भानगडीवर मला जे म्हणायचंय ते ह्यात आलंच आहे, पुढचं मी फक्त हिशोब म्हणून लिहितोय.

कोकण रेल्वेवर मागच्या पाच-सहा वर्षांत दोन गाड्यांचे नंबर बदलले. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर आधी ५०१०५ होती ती १०१०५ झाली, आणि कोकणकन्या १०१११ होती ती जानेवारी २०२३ पासून २०१११ झाली. दोन्हीकडे बदलला फक्त पहिला आकडा, पाचाचा एक झाला आणि एकाचा दोन झाला. पण या एका आकड्यासोबत भाड्याचा तक्ता बदलतो, आणि माझं म्हणणं असं आहे की नंबर बदलणं रेल्वेसाठी फार सोपं झालंय आणि त्या नंबराच्या बदल्यात प्रवाशाला काय मिळालं हे विचारायची सोयच ठेवलेली नाही.

आधी नंबर वाचायचा कसा ते सांगतो, कारण बरेच लोक आयुष्यभर रेल्वेने फिरतात पण नंबर म्हणजे फक्त स्टेटस चेक करायचा आकडा असं समजतात. डिसेंबर २०१० पर्यंत गाड्यांचे नंबर चार आकडी होते, मग सगळे पाच आकडी केले. एक्सप्रेस गाड्यांना तेव्हा बहुतेक ठिकाणी पुढे नुसता एक लावला, म्हणजे डेक्कन क्वीन २१२३ ची १२१२३ झाली, कोकणकन्या ०१११ ची १०१११ झाली. पाच आकड्यांतला पहिला आकडा गाडीची जात सांगतो. एक किंवा दोन म्हणजे लांब पल्ल्याची मेल-एक्सप्रेस (दोन वेगळा असा काही नाही, एकचे नंबर कमी पडायला लागले म्हणून दोन सुरू केला). पाच म्हणजे साधी पॅसेंजर, सहा म्हणजे मेमू, सात म्हणजे डेमू, नऊ म्हणजे आपली मुंबई लोकल, तीन म्हणजे कोलकात्याकडची लोकल, आणि शून्य म्हणजे स्पेशल, म्हणजे गणपतीला ज्या ०१ नि ०९ वाल्या गाड्यांच्या बुकिंगसाठी आपण सकाळी आठला मोबाईल घेऊन बसतो त्या.

दुसरा आकडा जास्त गमतीचा आहे. जुन्या चार आकडी पद्धतीत पहिला आकडा झोन सांगायचा आणि दोन हा सुपरफास्टसाठी राखीव होता, मग पुढे एक लागल्यावर तेच दुसऱ्या जागी सरकलं. त्यामुळे कोकणच्या एकाच रुळावरून जाणाऱ्या गाड्या बघा, तुतारी ११००३ म्हणजे मध्य रेल्वेची एक्सप्रेस, नेत्रावती १६३४५ म्हणजे दक्षिण रेल्वेची, मांडवी १०१०३ ही कोकण रेल्वेची, आणि १२ नि २२ ने सुरू होणारी दिसली की समजायचं सुपरफास्ट, वंदे भारतसुद्धा २२२२९ आहे. आता २० ने सुरू होणाऱ्यासुद्धा सुपरफास्टच असतात, कोकणकन्येला तोच मिळाला. शेवटचा आकडा जोडीचा, २०१११ मुंबईहून जाते आणि २०११२ परत येते. एवढं कळलं की तिकीट काढायच्या आधीच समजतं की आपल्याकडून कुठला दर घेणार आहेत. गाडी किती पळेल हे मात्र नंबरावरून कळत नाही, आणि लोकांची फसगत इथेच होते.

लोकलवाल्यांचं मात्र बरंय, नऊने सुरू होणारा नंबर मोटरमन आणि कंट्रोलवाल्यांनी लक्षात ठेवायचा, पब्लिक म्हणतं "आठ बाराची बदलापूर". तिथे स्लो आणि फास्ट हे शब्द खरे आहेत, फास्ट म्हणजे ती मधली स्टेशनं सोडणार, इंडिकेटरवर लिहिलेलं असतं, आणि फास्टचं भाडं स्लोपेक्षा एक पैसा जास्त नाही. म्हणजे जिथे फरक खरा आहे तिथे त्याचे पैसे घेत नाहीत! सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटर, फास्ट लोकल मधे थांबत थांबत तासाभरात किंवा थोडी पुढेमागे पोचते, म्हणजे सरासरी पन्नासच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सुपरफास्ट म्हणजे काय. रेल्वेची व्याख्या अगदी साधी आहे, ब्रॉडगेजवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, थांबे धरून, जाता-येता दोन्हीकडे सरासरी ताशी ५५ किलोमीटर पडली की गाडी सुपरफास्ट. पंचावन्न! हायवेला एसटीसुद्धा त्या वेगाने जाते म्हणून लोक हसतात, पण खरं सांगायचं तर थांबे आणि क्रॉसिंग धरून सरासरी ५५ काढणं सोपं नाही, त्यामुळे मी त्या आकड्याला हसत नाही. प्रश्न असा आहे की ही ५५ वेळापत्रकातली धरायची की प्रत्यक्षातली. रेल्वे वेळापत्रकातली धरते. कागदावर ५५ बसली की नंबर मिळाला, आणि नंबर मिळाला की सरचार्ज सुरू, सेकंड क्लासला १५ रुपये, स्लीपरला ३०, थर्ड आणि सेकंड एसीला ४५, फर्स्ट एसीला ७५. तुम्ही पूर्ण जा नाहीतर दोन स्टेशनं जा, रक्कम तेवढीच.

कोकणकन्येचा हिशोब करून बघू. सीएसएमटी ते मडगाव खरं अंतर ५८६ किलोमीटर (तिकिटावर याहून बरंच जास्त दिसेल कारण कोकण रेल्वेच्या हद्दीत भाड्यासाठी किलोमीटर फुगवून धरतात, ते वेगळंच दुखणं आहे, त्यावर परत कधीतरी). ५८६ ला ५५ ने भागलं की येतात दहा तास एकोणचाळीस मिनिटं. सुपरफास्ट झाली तेव्हाच्या वेळापत्रकात कोकणकन्या रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी सुटून सकाळी पावणेदहाच्या सुमारास मडगावला पोचणार असं होतं, म्हणजे साधारण दहा तास चाळीस मिनिटं. बघा, कशी काठावर बसवलीये! शंभरपैकी पस्तीस मार्क पाडून पास झालेल्या पोरासारखं.

मी कोकणकन्येला नावं ठेवत नाहीये, माझी स्वतःची आवडती गाडी आहे. आणि तिचा वेग खरोखर वाढलाय हेही कबूल करायला हवं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, डिझेल इंजिन जाऊन इलेक्ट्रिक आलं, आणि या गाडीला इतके थांबे आहेत, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, मग कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, की प्रत्येक ठिकाणाहून सुटून परत वेग घ्यायला जे दोन-दोन मिनिटं कमी लागतात तीच शेवटी तासभर होतात. थांबे जवळपास तेच ठेवून वेळ कमी केला हे चांगलं काम आहे. त्याचे १५ रुपये किंवा ३० रुपये घेतले तर माझी तक्रार नाही, पण ज्या दिवशी ते काम होतं त्या दिवशीचे घ्या.

कारण काठावर बसवलेल्या गाडीचं होतं काय तर एक क्रॉसिंग चुकलं की ती सुपरफास्ट राहत नाही. कोकण रेल्वे रोहा ते वीर दुहेरी झालीये, बाकी जवळपास सगळी एकेरी आहे. एकेरी म्हणजे समोरून गाडी येत असेल तर कोणीतरी एकाने स्टेशनच्या लूप लाईनला जाऊन थांबायचं. कोणी थांबायचं हे कंट्रोल ठरवतो आणि तिथे गाडीची जात बघितली जाते, राजधानी-वंदे भारत आधी, मग सुपरफास्ट, मग एक्सप्रेस, आणि पॅसेंजर सगळ्यांच्या शेवटी. पण हीच गाडी आधीच लेट असेल, तिची ठरलेली वेळच चुकलेली असेल, तर वेळेवर असलेल्या गाड्यांचं वाटोळं करून तिला पुढे काढत नाहीत, मग ती अजून लेट होते. रात्री दोनला जाग येते, खिडकीबाहेर काळोख, पंख्याचा आवाज सोडला तर सगळं शांत, आणि तुम्हाला कळतं की आपण कुठल्यातरी लूपवर उभे आहोत, वीस मिनिटांनी शेजारून दुसरी गाडी धडधडत जाते आणि मग आपली हलते. अशी वीस-वीस मिनिटं दोनदा गेली तर सरासरी ५५ वरून ५२ वर येते. पैसे मात्र आधीच गेलेले असतात.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. कॅगने २०१७ च्या अहवालात नेमकं हेच धरलं होतं. उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या २१ सुपरफास्ट गाड्या तपासल्या, त्या किती दिवस ५५ च्या खाली धावल्या ते काढलं, कुठली गाडी तेरा टक्के दिवस तर कुठली पंच्याण्णव टक्के दिवस. तीन वर्षांत अशा प्रवासाचे ११ कोटी १७ लाख रुपये सरचार्ज म्हणून जमा झाले होते. एसी बंद पडला तर भाड्यातला फरक परत मिळायचा नियम आहे, पण सुपरफास्ट फास्ट नसली तर काही नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या वेळापत्रकात अजून ४८ गाड्या सुपरफास्ट झाल्या, ह्याला म्हणतात अहवाल मनावर घेणं.

पण मला सगळ्यात खटकतो तो पावसाळा. लेट होणं समजू शकतो, पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक हे रेल्वेने स्वतः आधी छापलेलं असतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि चालवायलाच पाहिजेत, कटिंगमधून माती-दगड खाली येतात, ट्रॅकवर माणसं गस्त घालतात, पाऊस इतका असेल की पुढचं दिसत नाही तर ताशी ४० च्या वर न्यायची नाही असं लोको पायलटला सांगितलेलं असतं. यावर कोणी शहाणा माणूस वाद घालणार नाही. वंदे भारतचंच बघा, एरवी पावणेआठ तासांत मडगावला पोचते तीच पावसाळ्यात दहा तास घेते. तिच्याकडे निदान घालवायला वेग आहे, ५८६ किलोमीटर दहा तासांत म्हणजे तरी ५८ पडते. पण जी गाडी कोरड्या दिवसांतच बरोबर काठावर आहे तिच्या वेळेत अर्धा-एक तास जरी वाढला तरी ती रेल्वेच्याच व्याख्येने, रेल्वेच्याच छापील वेळापत्रकानुसार, सुपरफास्ट राहत नाही. इथे लेट वगैरे काही झालेलं नसतं, ठरवूनच ती ५५ च्या खाली धावत असते. तरी नंबर २०१११ च, आणि सरचार्जही तोच, वर्षातले चार महिने.

यावर एक मित्र, जो रेल्वेची बाजू नेहमी घेतो, मला म्हणाला की अरे व्याख्या वर्षभराची असते, चार महिन्यांसाठी कोण नंबर बदलणार, रिझर्व्हेशन दोन-दोन महिने आधी होतं, केवढा गोंधळ. बरोबर आहे, नंबर नका बदलू. पण नंबर न बदलता भाडं बदलता येतं की, तारखेप्रमाणे भाडं लावणं हे कॉम्प्युटरला काय जड आहे? पावसाळी वेळापत्रक तर बुकिंगच्या आधी माहीत असतं, ज्या गाडीची पावसाळी सरासरी ५५ च्या खाली आहे तिचा त्या तारखांचा सुपरफास्ट चार्ज शून्य. रिफंड नको, अर्ज नको, टीडीआर नको. रोजच्या लेट गाडीचा सरचार्ज परत द्या ही मागणी मोठी आहे, त्यात धुकं कोणाचं, आंदोलन कोणाचं, लेट कोणामुळे असे शंभर वाद निघतील हे मला मान्य आहे, म्हणून मी तिथे सुरुवात करतच नाही. जे तुमच्या स्वतःच्या कागदावर आहे तेवढं तरी करा.

आता परत आत्याच्या गाडीकडे. सुपरफास्टचा सरचार्ज टोचतो पण तो तसा खाऊन-पिऊन सुखी माणसाला टोचतो, पॅसेंजरची एक्सप्रेस झाली तो खरा दणका होता. साध्या गाडीचं किमान भाडं दहा रुपये आणि मेल-एक्सप्रेसचं किमान तीस रुपये, म्हणजे जवळच्या स्टेशनला जायला पॅसेंजरने दहा, एक्सप्रेसने तीस, सुपरफास्टने पंचेचाळीस. रुळ तोच, अंतर तेच. मुंबईत बसलेल्या माणसाला वीस रुपये काही वाटत नाहीत पण गावातून रोज भाजी, मासे नाहीतर आंबाडे घेऊन पुढच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला जायला-यायला चाळीस रुपये जास्त म्हणजे तिच्या दिवसाच्या कमाईतला मोठा घास आहे.

हे झालं कसं तर कोविडच्या काळात. मार्च २०२० मध्ये सगळ्या गाड्या बंद झाल्या, त्या बंद काळातच वेळापत्रक नव्याने मांडायला घेतलं आणि दोनशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्या पॅसेंजर एक्सप्रेस करायचं धोरण आलं. मग गाड्या हळूहळू सुरू झाल्या त्या सगळ्या शून्य लावून, स्पेशल म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये लांबच्या गाड्यांचे शून्य गेले, जुने नंबर परत आले. छोट्या पॅसेंजर-मेमूंना मात्र एक्सप्रेसचंच भाडं चालू राहिलं, तीसचे परत दहा व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, निवडणूक तोंडावर आली होती हा योगायोग असेल. पण ज्यांचा नंबरच पाचचा एक झाला होता त्या तशाच राहिल्या, आत्याची त्यातलीच. दिवा-रत्नागिरी मात्र अजून ५०१०३ आहे, पॅसेंजर! म्हणजे दिव्याहून सुटणाऱ्या दोन गाड्या, दोन्ही दोनशेच्या वर जाणाऱ्या, दोन्ही दारं उघडी ठेवून वारा खात जाणाऱ्या, एक पाचवाली आणि एक एकवाली. कुठल्या निकषावर, ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि एक्सप्रेस झाल्यावर दिवा-सावंतवाडीला मिळालं काय? सकाळी दिव्याहून सुटते ती संध्याकाळी सावंतवाडीला, दिवस जातो. मी मागे तिने गेलो तेव्हा एका स्टेशनात आम्ही लूपला लागलो, लोक सवयीने खाली उतरले, कोणी नळावर पाणी भरलं, एका आजोबांनी फलाटाच्या कडेला बसून डबा उघडला, दोन पोरं जांभळाच्या झाडाखाली जाऊन आली, आणि एक गाडी समोरून नि एक मागून अशा दोन काढून दिल्यावर आमची हलली. आजोबांचा डबा धुऊन झाला होता तोवर. एक्सप्रेस या शब्दाला काही अर्थ असेल तर निदान कमी थांबे किंवा कंट्रोलकडे थोडी वरची जागा, दोन्हीपैकी एक तरी हवं. माझ्या अनुभवात दोन्ही नाही, ती आजही सगळ्यांना वाट देतच जाते.

रेल्वेची बाजू मला माहितीये. पॅसेंजर गाडी तोट्यात चालते, दहा रुपयांत डिझेल सोडा ब्रेकचा खर्चही निघत नाही, प्रवासी भाड्याचा तोटा मालगाडी भरून काढते, हे सगळं खरं आहे. मग भाडं वाढवा आणि तसं सांगा की, किमान दहाचे पंधरा करतोय असं संसदेत सांगा, लोक ओरडतील, चर्चा होईल, ठरेल काय ते. आता होतं असं की भाडं वाढलं असं कोणीच म्हणत नाही, वर्गवारी बदलली म्हणतात, आणि वर्गवारी बदलली की स्टेशनच्या बोर्डवर गाडीला बढती मिळाल्यासारखं दिसतं, स्थानिक पुढारी पेढेसुद्धा वाटतात.

आणि तो कल्याण फास्टचा आकडा आठवतोय ना? मांडवी मडगावला साडेअकरा-बारा तास घेते, म्हणजे तिची सरासरीसुद्धा पन्नासच्या आसपासच. पार ठाण्याच्या गर्दीत धापा टाकत थांबणारी लोकल आणि मांडवी एक्सप्रेस एकाच सरासरीने चालतात, तरी एक नऊवाली आणि एक एकवाली, कारण त्या वेगवेगळं काम करतात, वेगवेगळं अंतर जातात. हे मला पटतं. नंबराने गाडीचं काम सांगावं. दिवा-सावंतवाडीचं काम आजही गावोगावच्या माणसाला पुढच्या गावी सोडायचं आहे, तेव्हा तिला तिचा पाच परत द्या, आणि कोकणकन्येला दोन राहू दे पण जूनच्या मध्यापासून तिकिटावरचा तो सुपरफास्ट चार्जचा रकाना रिकामा सोडा. आत्याला यातलं मी सगळं समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग येत्या चतुर्थीक तिकीट कितीचा पडात? मी म्हटलं, तीसच.